तिळाएवढं हसू

शाळेच्या फळ्यावर निरोप समारंभाची सूचना लागली, त्या दिवशी दहावी 'ब'मधल्या मुलींना अभ्यासाचं भानच राहिलं नाही. २५ जानेवारी, सकाळी साडेनऊला मैदानावर सगळ्या वर्गाचा एकत्र फोटो, मग भाषणं, मग अल्पोपाहार. मधल्या सुट्टीत डबे उघडले गेले ते साड्यांच्याच गप्पांत. कुणी आईची पैठणी नेसणार होतं, कुणी मावशीची नारायणपेठ. मीनल तेवढी गप्प बसून पोळीचे बारीक तुकडे करत होती.

"मीनल, तू काय नेसणार गं?" शुभदाने विचारलं.

"बघू," मीनल ओठ फारसे न उघडताच म्हणाली.

गेलं सव्वा वर्ष ती अशीच बोलत होती. वरचा ओठ खाली ओढून, हात नकळत तोंडापाशी नेऊन. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या दातांना तारा लागल्या. सुट्टी संपवून ती वर्गात आली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आलं बघा तारसप्तक!" सारा वर्ग हसला. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चार दिवसांत तो विसरूनही गेला. नाव मात्र चिकटलं.

वर्गातल्या हसण्याची तिला आता सवय झाली होती. पण फोटो म्हणजे कायमचा. त्यांच्या साताऱ्याच्या शाळेत व्हरांड्याच्या भिंतीवर दरवर्षीच्या दहावीचा फोटो चौकटीत लावलेला असे. बाबा याच शाळेतले. त्यांच्या १९९१ सालच्या तुकडीचा फोटोही तिथे होता. आपणही आता तिथे टांगले जाणार, तेही तोंडात लोखंड घेऊन! शिवाय फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणार. मुलं दोन बोटांनी तो मोठा करणार, आणि मग...

"आई, त्या दिवशी मी शाळेत गेले नाही तर चालेल?" तिने रात्री विचारलं.

"का गं? बरं वाटत नाहीये का?"

"तसं नाही. सहज."

आई भाकरी थापत होती. तिने वळून एकदा लेकीकडे पाहिलं आणि काहीच न बोलता तव्यावरची भाकरी उलटली.

संक्रांतीच्या दिवशी आत्या तिळगुळाच्या वड्या घेऊन आली. गूळ जरा जास्तच पुढे गेला होता, वड्या दगडासारख्या झाल्या होत्या. कडक खायचं नाही, चिक्की नाही, ऊस नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण आत्याने "गोड बोल" म्हणत वडी हातावर ठेवली आणि मीनलने ती उजव्या बाजूच्या दातांखाली धरून मोडली. कट्ट आवाज झाला. वडी मोडली, पण सोबत उजव्या सुळ्यावरची चौकोनी टिकलीही दातापासून सुटली आणि तारेवर लोंबकळू लागली.

आधी ती घाबरली. मग रात्री न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी असताना तिच्या मनात भलतंच आलं. एका वडीने टिकली निघते, म्हणजे त्या काही फार पक्क्या नसतात. पुढच्या चार दातांवरच्या तेवढ्या काढल्या तर? फोटोपुरत्याच. मग डॉक्टरांना सांगू, तिळगुळाने निघाल्या.

घरात सगळे झोपल्यावर तिने बाबांच्या हत्यारांच्या पेटीतली लहान पक्कड आणली. पुढच्या एका दातावरचं निळं रबराचं कडं आधी नखाने ओरबाडून काढलं. मग पक्कडीत टिकली धरून ओढली. दात आतून असा कळवळला की डोळ्यांतून पाणी आलं. हाताखाली दात किंचित हललाही. तिसऱ्या हिसक्याला टिकली निघाली, पण पक्कड घसरून हिरडीला लागली. बेसिनमध्ये रक्ताचे थेंब पडले. बाकीच्या तीन टिकल्यांना हात लावायचं धैर्य तिला झालं नाही.

पाच दिवस तिने कुणालाच सांगितलं नाही. सुळ्याचा आधार गेल्यामुळे तार मागे सरकली होती आणि शेवटच्या दाढेपाशी तिचं टोक गालाला टोचत होतं. १९ तारखेला जेवताना तिने पानातून हात काढून गाल धरला, तेव्हा आईने तोंड उघडायला लावलं.

"अगं, हे कधी झालं?"

"संक्रांतीला. तिळगुळाने."

"आणि आज सांगतेस?"

संध्याकाळीच दोघी डॉक्टरबाईंकडे गेल्या. दात सरळ करणाऱ्या या डॉक्टर कमी बोलणाऱ्या, पण पोरांशी नीट वागणाऱ्या होत्या. त्यांनी मीनलला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला आणि छोट्या आरशाने बराच वेळ पाहिलं. आधी गालाला टोचणारं तारेचं टोक कापलं. सुटलेल्या दोन्ही टिकल्या चिमट्याने काढून ताटलीत ठेवल्या आणि दिव्याखाली धरून पाहिल्या. मग त्या आईला म्हणाल्या, "ताई, बाहेर काउंटरवरून मीनलची जुनी फाइल आणाल का? जरा शोधावी लागेल, सावकाश आणा."

आई बाहेर गेली. डॉक्टरांनी ताटली मीनलपुढे धरली.

"ही सुळ्याची. ही तिळगुळाने निघाली, खरं आहे. अगदी जशीच्या तशी आहे. आणि ही पुढच्या दाताची. हिचे हे बारीक पंख बघ, दोन्ही आत दाबले गेलेत, वर खरवडल्याच्या रेघा आहेत. वडीने अशा रेघा पडत नाहीत. पक्कडीने पडतात."

मीनलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने काही उत्तर दिलं नाही, पण डोळे भरून आले.

"कशासाठी केलंस?"

"फोटो आहे," ती कशीबशी म्हणाली. "पंचवीसला. निरोप समारंभाचा."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची सरळ केली, कपाटातून मीनलच्या दातांचे प्लास्टरचे साचे काढले आणि तिच्या हातात दिले. तारा लावण्यापूर्वी घेतलेले ते साचे. पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले दात. हे आपलेच दात होते हे मीनल जवळजवळ विसरून गेली होती.

"एका दिवसापुरत्या काढता येतात का, डॉक्टर? मग लगेच पुन्हा लावायच्या?"

"येतात ना. लग्न ठरलेल्या मुली येतात माझ्याकडे. उपचार अगदी संपत आलेला असला तर मी पुढच्या दातांवरच्या टिकल्या काढून देते आणि आठवड्याने परत लावते. पण त्या टिकलीचा तळ खास पक्कडीने दाबून ती सोलल्यासारखी काढायची असते. सरळ ओढली तर दाताचा कपचा निघू शकतो. तुझा वाचला, नशीब. आणि तुझा उपचार संपत आलेला नाही."

त्यांनी साच्यावर बोट ठेवलं.

"पुढच्या दातांना मागे घ्यायला जागा हवी म्हणून आपण सुळ्यांमागचा एकेक दात काढला. वर दोन, खाली दोन. प्रत्येक ठिकाणी साधारण सात मिलिमीटर जागा झाली. पहिले सात-आठ महिने पातळ तारांनी दात नुसते ओळीत आणले, त्यात थोडी जागा गेली. मग जाड तार घातली आणि मागच्या दाढेपासून सुळ्यापर्यंत रबराची साखळी लावली. तेव्हापासून ती जागा महिन्याला फार तर एक मिलिमीटर अशी मिटते आहे."

"इतकी हळू का?"

"कारण दात भिंतीतल्या खिळ्यासारखा नसतो. मुळाभोवती बारीक धाग्यांचा एक पातळ थर असतो आणि त्याच्या बाहेर हाड. आपण दात मागे ओढतो तेव्हा मागच्या बाजूचं हाड दाबाने हळूहळू विरघळतं आणि पुढच्या बाजूला, दाताने सोडलेल्या जागी, नवीन हाड भरतं. जोर वाढवला म्हणून हे काम लवकर होत नाही, उलट मुळाला इजा होते. नवीन भरलेलं हाड सुरुवातीला कच्चं असतं. ओल्या चिखलात खांब रोवलाय असं समज. तू पक्कड लावलीस तेव्हा दात हलला ना?"

मीनलने मान हलवली. आपल्या हाताने दात कायमचा खिळखिळा झाला असं तिला पाच दिवस वाटत होतं.

"तो हलणारच. सरकत असलेला दात थोडा हलतोच. चिखल वाळला की पक्का होईल. पण आत्ता दोरी सोडली तर खांब आला तिकडे परत जातो. हिरडीतले ताणलेले धागे त्याला मागे खेचत असतात. म्हणून तर तारा निघाल्यावरही दात धरून ठेवायला रिटेनर घालावा लागतो."

त्यांनी आरसा मीनलच्या हातात दिला. "आता उजवीकडे बघ आणि डावीकडे बघ."

मीनलने पाहिलं. डावीकडे सुळ्यामागची फट दीड मिलिमीटरभर उरली होती. उजवीकडची तिच्याहून उघड मोठी दिसत होती. आणि टिकली काढलेला पुढचा दात शेजारच्या दातापेक्षा केसभर बाहेर आला होता.

"पाच दिवसांत?"

"पाच दिवसांत. टिकली सुटली त्याच दिवशी आली असतीस तर मी दहा मिनिटांत चिकटवून दिली असती. आता दात जागेवरून सरकले, त्यामुळे जाड तार टिकल्यांच्या खाचेत बसणार नाही. पुन्हा पातळ तार घालायची, दात ओळीत आणायचे, मग जाड तार. महिना, दीड महिना मागे गेलो आपण."

तेवढ्यात आई फाइल घेऊन आत आली. डॉक्टर तिला म्हणाल्या, "दोन टिकल्या नव्या लावते. तार बदलावी लागेल." बाकी काही बोलल्या नाहीत.

त्यांनी दात घासून कोरडे केले, औषध लावलं, टिकल्या ठेवून एकेकीवर निळा दिवा धरला. शेवटी तारेवर रबराची कडी बसवायची वेळ आली, तेव्हा रंगांची पट्टी पुढे केली.

"मागच्या वेळी तू निळी घेतली होतीस. लांबून पहिली तीच दिसतात. तारेपेक्षाही."

"मग पारदर्शक द्या ना."

"देईन. पण तुमच्याकडे आमटी-भाजीत हळद असते की नाही? दोन दिवसांत ती पिवळी होतील आणि फोटोत दातच पिवळे दिसतील. राखाडी घे. टिकलीत मिसळून जातात."

मीनलने राखाडी घेतली.

घरी जाताना राजवाड्याच्या चौपाटीपाशी गर्दी होती. आई भाजीच्या पिशवीचं ओझं या हातातून त्या हातात घेत चालली होती. मीनल दोनदा बोलायला गेली आणि गप्प राहिली. शेवटी घराच्या बोळात शिरताना म्हणाली, "आई, पुढच्या दाताची टिकली तिळगुळाने नव्हती निघाली. मी काढली. बाबांच्या पक्कडीने."

आई थांबली.

"तुला माहीत होतं?"

"पक्कड पेटीत उलटी ठेवली होती. तुझे बाबा कधी उलटी ठेवत नाहीत." आईने थोडा वेळ जाऊ दिला. "बाबा दर महिन्याला पगारातून दातांचा हप्ता बाजूला काढतात. ते मला आठवलं आणि राग आला. पण तुझं रक्त आलं असेल तेही आठवलं. तू सांगशील म्हणून थांबले होते."

"बाबा रागावतील?"

"रागावतील. पण तूच सांग. माझ्याकडून कळायला नको."

बाबा रागावले, पण फार वेळ नाही. जेवणं झाल्यावर म्हणाले, "आमच्या फोटोच्या दिवशी माझ्या हनुवटीवर हा एवढा फोड आला होता. मी आदल्या रात्री त्यावर चुना लावला आणि सकाळी दुप्पट सुजलं. तुझ्या आजीने मला काठीने मारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं."

"मग?"

"मग काय! आहे फोटोत. बघ कधी तरी."

२५ तारखेला मीनल आईची आंबा रंगाची साडी नेसून शाळेत गेली. शेवटच्या रांगेत, उंच मुलींच्या आड उभं राहायचं हे तिने मनाशी ठरवलं होतं. पण फोटोग्राफर काका वीस वर्षं हाच धंदा करत होते. त्यांनी कडुलिंबाच्या सावलीत बाकं मांडून घेतली होती. उंच मुलं मागच्या बाकांवर उभी, मधली रांग जमिनीवर उभी, तिच्यापुढे खुर्च्यांवर शिक्षक आणि सगळ्यांत पुढे सतरंजीवर बुटकी मंडळी. मीनल वर्गात उंचीने चौथी, खालून.

"काका, मी मागे उभी राहू?"

"पोरी, मागे राहिलीस तर फोटोत नुसता तुझा भांग येईल. ये, पुढे बस."

मग मुख्याध्यापक बाईंचा फोन आला आणि सगळ्यांना दहा मिनिटं थांबावं लागलं. मीनल व्हरांड्यात गेली. १९९१ चा फोटो तिसऱ्या खांबाजवळ होता. बाबांना शोधायलाच तिला वेळ लागला. दुसऱ्या रांगेत डावीकडून सहावे, तेल लावून चापून बसवलेले केस. तिने काचेजवळ तोंड नेऊन हनुवटी पाहिली. फोड कुठेच दिसेना. हनुवटीच धड दिसत नव्हती. हातभर फोटोत साठ माणसं. एकेकाचा चेहरा शेंगदाण्याएवढा, आणि त्या चेहऱ्यावरचं तोंड जेमतेम तिळाएवढं. त्या तिळाएवढ्या तोंडात कुणाचे दात पुढे होते, कुणाचे पडले होते, काही कळायला मार्ग नव्हता. हसणारे आणि न हसणारे मात्र लांबूनही वेगळे ओळखू येत होते. बाबा न हसणाऱ्यांत होते. इतरांपेक्षा जास्तच गंभीर. फोड लपवायला त्यांनी मान खाली घातली होती आणि त्यामुळे डोळेच दिसत नव्हते.

"चला, चला, जागेवर!" काकांनी हाक दिली.

पहिला फोटो झाला. मीनलने सवयीने ओठ घट्ट मिटले होते. कुणीतरी डोळे मिटले असणार म्हणून काका नेहमी तीन-चार फोटो काढत. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी पाहिलं आणि पुढे येऊन मीनलसमोर उकिडवे बसले.

"दाढ दुखते का गं?"

"नाही."

"तारा आहेत होय? ओठ त्यांच्यावरून ओढून घेतलेस ना, तर वरचा ओठ फुगतो. रुसल्यासारखी दिसतेस. मोकळं ठेव तोंड. मी फ्लॅश मारत नाही, फ्लॅशने धातू चमकतो. इथे सावलीत काही चमकत नाही."

शेजारी बसलेल्या शुभदाने ऐकलं होतं. मागच्या रांगेतूनही कुणीतरी ऐकलं असावं, कारण तिथून आवाज आला, "तारसप्तक, आता वरचा सा लाव!"

तोच जुना आवाज. मीनलला वळून काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. पण त्याच क्षणी वरचा सा म्हणजे नेमका कुठला हे दाखवायला त्या मुलाने गळा काढला, त्याचा आवाज मध्येच फाटला आणि खुर्चीवरच्या संगीताच्या बाईंनीच कपाळाला हात लावला. अख्खा वर्ग हसला. मीनलही हसली. हात वर यायला निघाला होता, तो तिने साडीच्या पदरावर दाबून धरला.

कॅमेऱ्याचा आवाज झाला तो तेव्हाच.

त्या संध्याकाळी फोटो वर्गाच्या ग्रुपवर आला. मीनलने दार लावून घेतलं आणि दोन बोटांनी तो मोठा केला. मोठा केल्यावर तारा दिसत होत्या. राखाडी रेघ होती, उजव्या सुळ्यामागची काळी फटही होती. तिने बराच वेळ पाहिलं. मग खाली आलेले संदेश वाचले. कुणी स्वतःच्या डोळ्यांबद्दल लिहिलं होतं, कुणी स्वतःच्या निऱ्या सुटल्याबद्दल, एकाने फक्त स्वतःचा बूट मोठा करून टाकला होता. तिच्या दातांबद्दल एकही ओळ नव्हती. प्रत्येक जण आपापला तीळ शोधत होता.

परीक्षा आटोपून एप्रिलमध्ये छापील फोटो हातात आले, तेव्हा मीनल डॉक्टरांकडे जाऊन आली होती. जाड तार पुन्हा बसली होती, उजवीकडची फट डावीकडच्याएवढी झाली होती. तारा निघायला अजून दिवाळी उजाडणार होती आणि त्यानंतर रिटेनर होताच. आजीने चष्मा पुसून फोटो उजेडात धरला आणि पहिल्या रांगेवरून बोट फिरवत नेलं.

"ही आमची. हसतेय ती."

"आजी, तारा दिसतात का गं?"

"कसल्या तारा?" आजीने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "फोटोवर कुठे चरा पडलाय का?"